वारा वाढतो, वीज तेवढीच: पवनचक्कीचं पातं वळतं तेव्हा नेमकं काय होतं

साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पावसाळ्यात गेलेल्या कुणालाही एक शंका येते. वारा इतका की छत्री उघडता येत नाही, पण पवनचक्की मात्र शांतपणे, एका लयीत फिरत असते. वारा दुप्पट झाला तर ती दुप्पट जोरात का फिरत नाही? आणि फिरत नसेल, तर वाऱ्याचा तो जास्तीचा जोर जातो कुठे?

थोडक्यात उत्तर असं की पाती स्वतःच्या अक्षाभोवती थोडी वळतात आणि जास्तीचा वारा सोडून देतात. या वळण्याला पिच म्हणतात. बहुतेक माहितीपुस्तिका इथेच थांबतात आणि 'पिच कंट्रोल वीज स्थिर ठेवतं' असं लिहून मोकळ्या होतात. ते वाक्य चूक नाही, पण दिशाभूल करणारं आहे. कारण पिच कंट्रोल विजेकडे बघतच नाही आणि वाऱ्याकडेही बघत नाही. ते बघतं फक्त जनरेटरच्या वेगाकडे. असं का, आणि एवढ्यावर काम कसं भागतं, हे इथे सविस्तर पाहू.

उदाहरणासाठी मी जी पवनचक्की घेतोय ती जगात कुठेच उभी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने, म्हणजे एनआरईएलने, 2009 मध्ये 5 मेगावॅटच्या एका संदर्भ-पवनचक्कीचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध केला. पात्यांचा आकार, वजनं, गिअरबॉक्स, कंट्रोलरचे आकडे, सगळं खुलं. खऱ्या कंपन्या आपल्या कंट्रोलरचे आकडे कुणाला दाखवत नाहीत, त्यामुळे या विषयात शिकणारा जवळजवळ प्रत्येकजण या कागदी यंत्रावरच हात साफ करतो. रोटरचा व्यास 126 मीटर, एकेक पातं साडेएकसष्ट मीटर लांब आणि पावणेअठरा टनांच्या आसपास वजनाचं. वारा सेकंदाला 3 मीटर झाला की ती वीज देऊ लागते, 11.4 मीटरला पूर्ण 5 मेगावॅट गाठते आणि 25 मीटरला, म्हणजे ताशी 90 किलोमीटरच्या वाऱ्यात, स्वतःला बंद करून घेते. 11.4 हा तिचा रेटेड वेग. आपला सगळा प्रश्न 11.4 ते 25 या पट्ट्यातला आहे.

या पट्ट्यात किती ऊर्जा सोडून द्यावी लागते ते आधी पाहू. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. 11.4 मीटरच्या वाऱ्यात या रोटरच्या वर्तुळातून साधारण 11 मेगावॅट वाहत असतात आणि पाती त्यातले जवळपास निम्मे पकडतात. 25 मीटरच्या वाऱ्यात त्याच वर्तुळातून 119 मेगावॅट वाहतात. जनरेटर मात्र तोच, गिअरबॉक्स तोच, केबल तीच. म्हणून तिथे पात्यांनी शंभरातले साडेचारसुद्धा पकडायचे नाहीत.

पातं वळलं की काय बदलतं

पात्याच्या टोकाजवळचा तुकडा डोळ्यांसमोर आणा. रोटर मिनिटाला 12.1 फेरे घेतो, म्हणजे टोक सेकंदाला जवळजवळ 80 मीटर धावतं. समोरून येणारा वारा त्याच्या तुलनेत हळू असतो. त्यामुळे टोकाला जो वारा जाणवतो तो मुख्यतः त्याच्या स्वतःच्या धावण्याचा असतो आणि खरा वारा त्याला थोडासा तिरका करतो. रेटेड वेगाला हा तिरकेपणा पाच-सहा अंश असतो. बाहेर वारा 20 मीटर झाला आणि रोटरचा वेग तोच राहिला, तर तिरकेपणा तेरा अंशांच्या वर जातो. पात्याला वारा जास्त उभ्या कोनात भिडतो, लिफ्ट म्हणजे वाऱ्याला आडवा, पात्याला उचलणारा जोर वाढतो, आणि रोटरला जास्त पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, बसतो.

उपाय सरळ आहे. वाऱ्याची दिशा जेवढी तिरकी झाली तेवढं पात्याचं नाकही त्याच बाजूला वळवायचं. शून्य अंश पिच म्हणजे पातं वारा पकडायला पूर्ण सज्ज. 90 अंश म्हणजे त्याची कड वाऱ्याकडे, पकड जवळजवळ नाही. या स्थितीला फेदर म्हणतात. बंद ठेवलेल्या चक्कीची पाती अशीच दिसतात.

पण तिरकेपणा आठ अंशांनी वाढला म्हणून पातं आठ अंश वळवून भागत नाही. या यंत्राला 20 मीटरच्या वाऱ्यात साडेसतरा अंश वळावं लागतं. कारण लिफ्टची दिशाही तिरकी झालेली असते आणि तिचा मोठा हिस्सा आता फिरण्याच्या दिशेला लागतो. तेवढाच पीळ हवा असेल तर लिफ्ट आधीपेक्षा कमीच लागते. याचा एक परिणाम पुढे आपल्याला फार महत्त्वाचा ठरणार आहे. रेटेड वेगाच्या वर वारा वाढला की रोटरला मागे ढकलणारा जोर वाढत नाही, उलट कमी होतो. 11.4 मीटरला तो सर्वांत जास्त, 800 किलोन्यूटनच्या आसपास असतो. 25 मीटरच्या वादळी वाऱ्यात तो त्याच्या निम्म्याजवळ आलेला असतो.

पातं उलट्या दिशेला वळवूनही शक्ती घटवता येते. मग वारा पात्याच्या पाठीवरून सुटतो आणि लिफ्ट कोसळते. याला स्टॉल म्हणतात. जुन्या यंत्रांत तर पाती हबला पक्की बोल्ट केलेली असायची आणि जोराच्या वाऱ्यात ती आपोआप स्टॉल होतील असा आकार दिलेला असायचा. हलणारा भाग एकही नाही, म्हणून ते आकर्षक होतं. पण स्टॉलचं गणित नीट मांडता येत नाही, पाती थरथरतात आणि जोरही चढाच राहतो. मोठ्या यंत्रांत फेदरची पद्धत जिंकली, ते योग्यच झालं.

वीज कोण स्थिर ठेवतं

आता मुख्य मुद्दा. शक्ती म्हणजे पीळ गुणिले फिरण्याचा वेग, `P = T × ω`. जनरेटरच्या मागे इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर असतो. त्याला सांगितलेला पीळ तो काही मिलिसेकंदांत लावू शकतो. तेव्हा वीज स्थिर ठेवायची असेल तर पात्यांची गरजच नाही. वेग मोजायचा, 5.2966 मेगावॅटला त्याने भागायचं आणि येईल तो पीळ लावायचा. जनरेटरची कार्यक्षमता 94.4 टक्के आहे, म्हणून तारेत बरोबर 5 मेगावॅट जातात. वेग 2 टक्के वाढला तर पीळ 2 टक्के उतरवायचा, गुणाकार तोच राहतो. विजेचा आलेख सपाट दिसतो तो या भागाकारामुळे.

मग पाती काय करतात? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. खालचा नळ कायम तेवढाच वाहतोय. वरून येणारी धार मात्र कमी-जास्त होते. टाकी ओसंडू नये, रिकामीही होऊ नये, म्हणून वरची चावी सतत फिरवायची. त्यासाठी धार मोजायची गरज नाही. पाण्याची पातळी बघितली की पुरे. पातळी चढली तर येणं जास्त आहे, उतरली तर कमी आहे. इथे टाकी म्हणजे फिरता रोटर, पातळी म्हणजे त्याचा वेग, खालचा नळ म्हणजे जनरेटर आणि वरची चावी म्हणजे पिच.

ही टाकी किती मोठी आहे? या रोटरमध्ये मिनिटाला 12.1 फेऱ्यांच्या वेगाला सुमारे 35 मेगाज्यूल ऊर्जा साठलेली असते. वारा एकदम थांबला आणि जनरेटर पूर्ण शक्ती ओढत राहिला, तर ती सातएक सेकंदांत संपेल. म्हणजे टाकी लहानच आहे. पण सेकंद-दोन सेकंदांची झुळूक पचवण्याइतकी नक्की आहे. पिच कंट्रोलचा सगळा खेळ या दोन सेकंदांच्या उसंतीवर चालतो.

थेट वारा मोजून पातं का वळवत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. चक्कीच्या माथ्यावर वाऱ्याचा सेन्सर असतो खरा, पण तो रोटरच्या मागे असतो. त्याला मिळतो तो पात्यांनी ढवळलेला वारा. शिवाय साडेबारा हजार चौरस मीटरच्या वर्तुळात वर एक वारा असतो, खाली दुसरा. एका बिंदूवरचं माप त्या सगळ्याची सरासरी सांगू शकत नाही. रोटर मात्र ती सरासरी आपोआप काढतो आणि वेगाच्या रूपाने दाखवतो. 126 मीटरचा हा सेन्सर आयता मिळालेला असताना माथ्यावरच्या छोट्याशा सेन्सरवर कोण विसंबेल?

एक झुळूक, आकड्यांसकट

समजा वारा सेकंदाला 16 मीटरवर स्थिर आहे. पाती 12.06 अंशांवर, रोटर 12.1 फेऱ्यांवर, आणि 97 पट वाढवणाऱ्या गिअरबॉक्सपलीकडे जनरेटर मिनिटाला 1173.7 फेऱ्यांवर आहे. आता वारा एकदम 17 मीटर झाला. 17 मीटरसाठी योग्य पिच 13.54 अंश, म्हणजे दीड अंश जास्त. पण पात्यांना ते अजून माहीत नाही.

त्या क्षणी रोटरमध्ये जवळपास 2 मेगावॅट जास्त येऊ लागतात. जनरेटर ते घेत नाही, त्याला 5 मेगावॅटच द्यायचे आहेत. सगळं जास्तीचं रोटरच्या वेगात जमा होतं. रोटर फुटकळ नाही, त्याचं जडत्व गिअरबॉक्स-जनरेटर धरून साधारण 4.4 कोटी किलोग्रॅम-चौरस-मीटर आहे. तरी वेग सेकंदाला जवळजवळ 3 टक्क्यांच्या दराने वाढू लागतो. काहीच केलं नाही तर सेकंदभरात जनरेटर 1207 च्या पुढे जाईल.

कंट्रोलरला हे जनरेटरच्या वेगातूनच कळतं आणि तो दोन गोष्टी करतो. आत्ता वेग किती जास्त आहे त्याच्या प्रमाणात पातं वळवतो. आणि वेग किती वेळापासून, एकूण किती जास्त राहिला याची बेरीज ठेवून तिच्या प्रमाणातही वळवतो. पहिला भाग चटकन हालचाल करतो. दुसरा भाग नवी जागा धरून ठेवतो. तो नसता तर वेग परत 1173.7 वर आल्यावर पहिला भाग शून्य झाला असता आणि पातं पुन्हा जुन्या जागी गेलं असतं. 12.06 किंवा 13.54 हे आकडे कुठल्याही तक्त्यातून वाचलेले नसतात. त्या वाऱ्यात वेग स्थिर राहतो म्हणून ती बेरीज तिथे जाऊन थांबते.

पहिल्या भागाचा हिशेब करून बघू. मूळ प्रमाण 0.0188, पण 12 अंशांवर ते साधारण एक तृतीयांश करून वापरतात. त्याचं कारण पुढे सांगतो. वेग 2 टक्के चढला म्हणजे जनरेटर सेकंदाला सुमारे 2.5 रेडियन जास्त. 0.0065 गुणिले 2.5 म्हणजे 0.016 रेडियन, जवळपास एक अंश. उरलेला अर्धा अंश हळूहळू बेरजेतून येतो. सगळं मिळून वेग दोन सेकंदांच्या आतबाहेर 2 टक्क्यांच्या जरा वर जाऊन पोचतो आणि मग परत उतरू लागतो. पाच-सहा सेकंदांत झुळूक पचलेली असते. या सगळ्या वेळात वीज 5 मेगावॅटवरच. फक्त पीळ 43,100 न्यूटन-मीटरवरून 42,200 पर्यंत उतरून परत आला.

पिच मोटर सेकंदाला 8 अंश वळू शकते. दीड अंश तिला पाव सेकंदही लागला नसता. मग मुद्दाम एवढं सावकाश का? कारण घाई केली तर प्रत्येक बारीक झुळकीला पावणेअठरा टनांची तीन पाती हलवत राहावी लागतील. बेअरिंगची एकाच जागी झीज होईल, टॉवर हलेल, आणि पदरात काय पडेल? विजेत फरक नाहीच, वेगातली दोन टक्क्यांची चढउतार एक टक्का होईल. दोन टक्के वेगाने कुणाचंही काही बिघडत नाही. नवशिके इंजिनिअर वेगाची रेष सपाट दिसावी म्हणून जिवाचा आटापिटा करतात. अनुभवी माणूस आधी पिचचा आलेख बघतो, पाती उगाच तर नाचत नाहीत ना.

या व्यवस्थेत एक खोट आहे, तीही सांगायला हवी. वेग वाढल्यावर जनरेटर पीळ कमी करतो. खरं तर रोटर पळू लागला तर त्याला जास्त आवरायला हवं, इथे आपण लगाम सैल करतो. वेग उतरू लागला तर उलट जास्त ओढतो. वीज सपाट ठेवण्याची ही किंमत आहे आणि ती पिचला मोजावी लागते. या यंत्रात पिचमुळे वेगाला जे स्थैर्य मिळतं त्यातला साधारण अकरावा हिस्सा यात खर्ची पडतो. जमिनीवरच्या चक्कीला हे सहज परवडतं.

एकच अंश, पण कुठला?

आता त्या एक तृतीयांशाचं कारण. 11.4 वरून 12 मीटरवर जाताना, म्हणजे जेमतेम 0.6 मीटरच्या फरकासाठी, पाती 3.83 अंश वळतात. 24 वरून 25 वर जाताना, पूर्ण एका मीटरसाठी, 1.12 अंश पुरतात. जोराच्या वाऱ्यात एकेक अंश फार महाग असतो. शून्य अंशाजवळ पातं आपल्या सर्वोत्तम कोनाच्या आसपास असतं आणि तिथे थोडं इकडेतिकडे केल्याने फारसं बिघडत नाही. जसजसं त्यापासून लांब जावं आणि वाऱ्यातली शक्ती वाढत जावी, तसतसा एका अंशाने पडणारा फरक वाढत जातो. या यंत्रात 6.3 अंशांवर तो शून्य अंशाच्या दुप्पट होतो, 12 अंशांवर जवळपास तिप्पट, आणि चक्की बंद होते त्या 25 मीटरच्या वाऱ्याच्या तोंडाशी साडेचार पटींहून जास्त.

म्हणून कंट्रोलर पात्याच्या सध्याच्या कोनाकडे बघून आपला हात हलका करतो. एनआरईएलच्या खुल्या प्रोग्रॅममधला गाभा इतकाच आहे:

```
GK        = 1.0/( 1.0 + PitCom(1)/PC_KK )
SpdErr    = GenSpeedF - PC_RefSpd
IntSpdErr = IntSpdErr + SpdErr*ElapTime
IntSpdErr = MIN( MAX( IntSpdErr, PC_MinPit/( GK*PC_KI ) ), &
                 PC_MaxPit/( GK*PC_KI ) )
PitComT   = GK*PC_KP*SpdErr + GK*PC_KI*IntSpdErr
```

`PC_KK` म्हणजे तेच 6.3 अंश, रेडियनमध्ये 0.11. पहिली ओळ काढून टाकली तर काय होईल? 12 मीटरच्या वाऱ्यात चक्की छान चालेल, चाचणी पास होईल. मग एके दिवशी 22-23 मीटरचा वारा येईल आणि तोच कंट्रोलर चौपट आक्रमक झालेला असेल. नुसत्या रोटरच्या गणितात हे धोक्याचं दिसत नाही. पण मोजलेला वेग कंट्रोलरकडे जाण्याआधी गाळला जातो, पाव हर्ट्झच्या वरची थरथर काढून टाकतात, आणि या गाळण्यात उशीर होतो. उशिरा आलेल्या माहितीवर जोरात हालचाल केली की डोलणं सुरू होतं. त्यात टॉवर पुढे-मागे डोलण्याचा स्वतःचा काळ साधारण तीन सेकंद, म्हणजे या घाईच्या अगदी वाटेत. नोंदी बघताना खूण लक्षात ठेवायची ती अशी: वारा तसा शांत चढउतार करतोय, पण पिचची रेष तीनेक सेकंदांच्या ठेक्यात करवतीसारखी दातेरी, आणि तोच ठेका टॉवरच्या कंपनातही. वाऱ्याला दोष देऊ नका, हात जड झालाय.

वरच्या प्रोग्रॅममधली `MIN`-`MAX` ची ओळ दिसायला किरकोळ आहे, पण तिच्याशिवाय चक्की पळून जाऊ शकते. वारा रेटेडच्या खाली असतो तेव्हा वेगही कमी असतो, म्हणजे 'वेग किती जास्त' याचं उत्तर सतत उणे येतं. तासभर असं चाललं तर बेरीज प्रचंड उणे होते. पातं मात्र शून्य अंशाच्या खाली जात नाही, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. मग जोराची झुळूक येते, वेग चढतो, आणि कंट्रोलर आधी तासाभराची उणे उधारी फेडत बसतो. तेवढा वेळ पातं शून्यावर ढिम्म. ती ओळ बेरजेला मर्यादेबाहेर जाऊच देत नाही. नोंदीत वेग मर्यादेच्या वर जाऊनही पिच काही सेकंद शून्यावर चिकटलेलं दिसलं, तर पहिला संशय इथेच घ्यायचा.

रेटेड वेगाच्या अगदी सीमेवर आणखी एक गडबड असते. वारा 11 ते 12 मीटरमध्ये घोटाळत असेल तर यंत्र घडीत रेटेडच्या वरच्या नियमात, घडीत रेटेडखालच्या. रोटरचा वेग जरा 12.1 फेऱ्यांखाली आला की जनरेटर खालच्या नियमाने पीळ सोडणार, वीज खड्ड्यात जाणार, पाती मात्र अजून दोन-तीन अंश वळलेली. एनआरईएलच्या कंट्रोलरने साधा तोडगा काढलाय. पिच 1 अंश किंवा जास्त असेल तोवर वेग काहीही असो, वरचाच नियम, म्हणजे शक्ती स्थिर. टाकीतलं थोडं पाणी वापरून खड्डा भरायचा. यालाही मर्यादा आहे. जनरेटरचा पीळ रेटेडपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त वर नेता येत नाही.

पाण्यावर ठेवली तर

आता हाच कंट्रोलर, हीच पवनचक्की, पण पाया जमिनीत नाही. नॉर्वेच्या कार्मोय बेटाजवळ 2009 मध्ये हायविंड नावाची 2.3 मेगावॅटची तरंगती पवनचक्की उभी राहिली. खाली लांब उभं पोलादी नळकांडं, तळाशी वजन, नांगरांनी बांधलेलं. एनआरईएलने आपलं 5 मेगावॅटचं यंत्र कागदावर अशाच तरंगत्या नळकांड्यावर बसवलं. तिथे वीज स्थिर ठेवण्याचा हा सगळा नेटका बेत उलटा फिरला.

असा तरंगता खांब पुढे-मागे डोलतो, एक डोलणं साधारण 30 सेकंदांचं. डोलताना माथा समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे पुढे जातो तेव्हा रोटरला वारा वाढल्यासारखा वाटतो. जमिनीवरचा कंट्रोलर दहा-अकरा सेकंदांच्या आवर्तनासाठी जुळवलेला आहे, त्याला हा 30 सेकंदांचा बदल सहज पकडता येतो. वेग फारसा वाढायच्या आत तो पाती फेदरकडे नेतो. आणि वर पाहिलं तसं, रेटेडच्या वर वारा वाढला की मागे ढकलणारा जोर कमी होतो. म्हणजे माथा पुढे झुकत असताना नेमकी त्याला रोखणारी ताकद कमी झाली. माथा मागे येऊ लागला की उलट, वारा कमी वाटतो, पाती परत वारा धरतात, जोर वाढतो आणि माथ्याला आणखी मागे ढकलतो. प्रत्येक डोलण्यात रोटर त्याला हातभार लावतो. वाऱ्याने शमायला हवं ते डोलणं वाऱ्यावरच पोसलं जातं.

कंट्रोलरचं काही चुकलेलं नाही, हे यातलं विशेष. तो वेग आणि वीज अगदी सांगितल्याप्रमाणे स्थिर ठेवतोय. तसं ठेवतोय म्हणूनच यंत्र डोलतंय. वीज सपाट दिसत असेल आणि माथ्याच्या पुढे-मागे होण्याची नोंद दर अर्ध्या मिनिटाला वाढत्या लाटा दाखवत असेल, तर खराबी शोधत बसण्यात अर्थ नाही.

आराखड्यात यावर केलेले बदल दोनच. पिच कंट्रोलरला इतका सावकाश केला की तो खांबाच्या डोलण्यापेक्षाही किंचित हळू चालतो. त्याची स्वाभाविक वारंवारता सेकंदाला 0.6 रेडियनवरून 0.2 वर आणली, म्हणजे पहिलं प्रमाण एक तृतीयांश आणि बेरजेचं प्रमाण एक नवमांश झालं. आता माथा पुढे झुकतो तेव्हा पाती अर्धवटच वळतात, जोर पूर्ण घटत नाही आणि डोलणं शमतं. पण पिच एवढं ढिलं केल्यावर वेग चांगलाच वर-खाली होऊ लागतो आणि मग जनरेटरने लगाम सैल करण्याची ती जुनी खोट परवडत नाही. म्हणून दुसरा बदल: रेटेडच्या वर शक्ती स्थिर ठेवणं सोडूनच दिलं आणि पीळ स्थिर ठेवला, 43,094 न्यूटन-मीटर, वेग काहीही असो. वेग पाच टक्के चढला तर वीज सव्वापाच मेगावॅट, पाच टक्के उतरला तर पावणेपाच.